फवारणी झाली, आता दिवस मोजा

कीटकनाशकाच्या डब्याबरोबर घडी घातलेला एक कागद येतो. तो द्यावाच लागतो. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांत तसं सांगितलेलं आहे. त्या कागदावर एक तक्ता असतो. कुठलं पीक, कुठली कीड, हेक्टरी किती औषध, त्याला किती पाणी, आणि शेवटच्या रकान्यात एक आकडा. तो आकडा दिवसांचा असतो. अक्षरं मात्र इतकी बारीक की शिकलेल्या माणसालाही उजेडात धरून डोळे ताणावे लागतात. ज्याची शाळा चौथीत सुटली तो हा कागद वाचेल, अशी अपेक्षाच कोणी ठेवत नाही. डबा फुटतो, कागद धुऱ्यावर पडतो आणि कृषी केंद्रवाल्याने तोंडी सांगितलेली मात्रा पंपात जाते.

त्या कागदातलं सगळंच इथे सांगायचं नाही. बोलायचं आहे ते फक्त अंतराबद्दल, म्हणजे फवारणीनंतर कशासाठी किती वेळ जाऊ द्यायचा याबद्दल. अशी अंतरं चार आहेत. एका फवारणीपासून दुसऱ्या फवारणीपर्यंतचं. फवारणीपासून त्या शेतात पुन्हा शिरेपर्यंतचं. फवारणीपासून माल तोडेपर्यंतचं. आणि चौथं, फवारणाऱ्या माणसाने आज फवारल्यावर पुन्हा पंप पाठीवर घेईपर्यंतचं. पहिली तीन पिकाच्या आणि शेताच्या हिशेबाने कुठे ना कुठे लिहिलेली असतात. चौथं कुठेच छापलेलं नसतं. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करू.

यवतमाळमध्ये काय झालं

२०१७च्या पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर या काळात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो माणसं यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाली. काहींना काही दिवस डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमलं.

यातल्या कोणी औषध प्यायलं नव्हतं. ते फक्त फवारत होते. त्या वर्षी कपाशी फार वाढली होती, कित्येक शेतांत माणसाच्या डोक्याला लागत होती. ओळींमधून चालताना दोन्ही बाजूंची ओली पानं अंगाला घासत होती. फवारा खाली पिकावर पडायचा तो तोंडासमोर उडत होता. पंप बॅटरीचे होते, त्यांच्यातून हातपंपापेक्षा जास्त पाणी आणि बारीक तुषार निघतात. हवा दमट आणि गरम होती. त्यात किडीचा जोर एवढा की दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. आणि दाखल झालेल्यांत पुष्कळजण असे मजूर होते, जे आज या शेतात, उद्या त्या शेतात, असे सलग दिवस फवारणीचंच काम करत होते.

औषध तोंडावाटे पोटात जातं, नाकातून फुप्फुसात जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून माणसं नाकाला दुपट्टा बांधतात आणि आपण सुरक्षित झालो असं समजतात. फवारणाऱ्याच्या शरीरात सर्वांत जास्त औषध जातं ते कातडीतून. आणि सगळी कातडी सारखी नसते. पॅराथिऑन नावाच्या जुन्या कीटकनाशकावर माणसांच्या कातडीचे प्रयोग झाले होते. कोपराखालच्या हातावर लावलेल्या औषधापैकी शंभरातले नऊ भागही आत गेले नाहीत. कपाळावरून त्याच्या चौपट गेले. पुरुषाच्या वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळं आत गेलं, हाताच्या जवळपास बारापट.

आता उंच कपाशीत चालणाऱ्या माणसाकडे पाहा. त्याची पँट किंवा लुंगी मांडीपर्यंत ओली होते. पाठीवरच्या पंपाचं झाकण गळत असेल तर तेच पाणी पाठीवरून कमरेत आणि तिथून जांघेत उतरतं. ओला कपडा तो दिवसभर अंगावर ठेवतो. कपाळावर घाम येतो, तो पुसायला तेच हात किंवा तोच ओला दुपट्टा. म्हणजे जिथून औषध सर्वांत जास्त आत शिरतं, तिथेच ते सर्वांत जास्त वेळ चिकटून राहतं. औषधात भिजलेला दुपट्टा तर नाकातोंडावर औषध धरून ठेवण्याचंच काम करतो. तो ओला झाला की काढून टाकावा, दुसरा कोरडा बांधावा.

उन्हात पूर्ण पोशाख घालून फवारणं किती अवघड आहे हे शेतात उभं राहिल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे सगळं जमत नसेल तर आधी काय सांभाळायचं ते सांगतो. औषध ओतताना आणि कालवताना हातात रबरी हातमोजे हवेतच, कारण डब्यातलं औषध पंपातल्या पाण्यापेक्षा शेकडो पटींनी तीव्र असतं. ते बोटाला लागणं म्हणजे पंपभर पाणी अंगावर घेण्यासारखं आहे. दुसरं, कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत पुढून प्लास्टिकचा कोरा कागद किंवा एप्रन बांधा आणि पाठ व पंप यांच्यामध्येही एक तुकडा ठेवा. तिसरं, डोळ्यांवर चष्मा. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला टोपी तर घालाच. पंप पाठीवर घेण्याआधी साध्या पाण्याने भरून पाच मिनिटं चालवून पाहा. झाकणातून, नळीच्या सांध्यातून थेंब येत असेल तर तो आधी बंद करा. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. जुना दात घासायचा ब्रश खिशात ठेवा, त्याने साफ होतं.

चौथं अंतर: माणसाचं

आता मुख्य गोष्ट. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस ही एकाच कुळातली औषधं. नावाच्या शेवटी ‘फॉस’ दिसलं की बहुतेक वेळा तेच कूळ समजा. अ‍ॅसिफेटही त्यातलंच, नावात तसं दिसत नसलं तरी. ही औषधं किडीला मारतात त्याच रीतीने माणसालाही इजा करतात.

आपल्या नसा स्नायूंना हुकूम पाठवतात: आवळ, सैल हो, लाळ सोड, घाम काढ. काम झालं की तो हुकूम पुसून टाकणारा एक पदार्थ शरीरात असतो. त्याचं नाव कोलिनेस्टरेज. ‘फॉस’ कुळातलं औषध या पदार्थालाच निकामी करतं. मग हुकूम पुसला जात नाही. घाम थांबत नाही, लाळ थांबत नाही, डोळ्यांतून पाणी येत राहतं, स्नायू आपोआप फडफडतात, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

हा पदार्थ पुन्हा तयार होतो, पण फार सावकाश. रक्ताच्या तांबड्या पेशींमधला हा साठा रोज साधारण शंभरातला एक भाग एवढाच भरून येतो. याचा हिशेब मांडून पाहू. समजा एका मजुराने सोमवारी एका शेतात फवारलं आणि त्याच्या साठ्यातले शंभरापैकी वीस भाग गेले. त्याला काहीच झालं नाही. थोडं डोकं जड वाटलं, ते उन्हामुळे असं तो समजला. मंगळवारी सकाळपर्यंत त्यातला एक भाग भरून आला. मंगळवारी दुसऱ्या शेतात तेवढंच औषध अंगावर आलं, पुन्हा वीस गेले. आता एकसष्ट उरले. बुधवारी तिसरं शेत. बुधवारी संध्याकाळी त्याच्याजवळ बेचाळीस उरले. साठा निम्म्याच्या आसपास किंवा खाली आला की शरीर बोलायला लागतं. तिसऱ्या शेताचा मालक म्हणेल, ‘आमच्याकडे तर त्याने नेहमीएवढंच मारलं.’ ते खरंच आहे. पण तिसऱ्या दिवशी जे झालं त्याची सुरुवात सोमवारीच झाली होती.

हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात कोणाचं किती जातं ते औषध, कपडे, ऊन आणि अंग यांवर ठरतं. रीत मात्र हीच आहे. रात्रभर झोप घेतली, आंघोळ केली, दूध प्यायलं म्हणून हा साठा भरत नाही. तो फक्त दिवस गेल्याने भरतो.

म्हणून सलग फवारणीचं काम घेऊ नये. एकाच माणसाने दिवसभर पंप न चालवता दोघांनी पाळीपाळीने चालवावा, आणि एक दिवस फवारल्यावर पुढचे काही दिवस त्याने डवरणी, निंदण, दुसरं काहीही करावं, फवारणी नाही. ज्याला आधीच डोकेदुखी, मळमळ, अंधारी असं काही जाणवलंय त्याने डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पंप उचलूच नये. मोठ्या रुग्णालयांत या पदार्थाची रक्ततपासणी होते. हंगामभर फवारणीचंच काम करणाऱ्याने हंगाम सुरू होण्याआधी एकदा करून ठेवली तर पुढे आजारी पडल्यास डॉक्टरांना ताडून पाहता येतं. अठरा वर्षांखालची मुलं आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया यांना फवारणीत घेऊ नये, पाणी आणून द्यायलाही नाही. बहुतेक शेतांत बादलीने पाणी आणून पंपात ओतणारी बाईच असते आणि तिच्या हातात मोजे नसतात.

पहिलं अंतर: पुढची फवारणी कधी

माणसाला वाचवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फवारण्या कमी करणं. दर पंधरा दिवसांनी एक, अशी फवारणी करायची पद्धत पुष्कळ ठिकाणी पडली आहे. कीड असो नसो, दिवस भरले की पंप भरतात. हे चुकीचं आहे. पुढची फवारणी कधी करायची हे कीड मोजून ठरवायचं असतं.

कपाशीतली गुलाबी बोंडअळी घ्या. तिची अंडी फुटली की अळी थोड्याच वेळात पात्यात, फुलात किंवा हिरव्या बोंडात शिरते आणि भोक बुजतं. आत बसलेल्या अळीवर वरून कितीही मारलं तरी औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. मग ‘औषध लागू झालं नाही’ असं म्हणून आठवडाभरात दुसरं, आणखी जहाल औषध मारलं जातं. २०१७ साली असंच पुष्कळ झालं. म्हणून पतंग दिसायला लागताच लक्ष ठेवायचं. एकरी दोन कामगंध सापळे लावा. हे सापळे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढतात. सापळ्यात रोज किती पतंग पडले ते सकाळी मोजा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीचा विचार करायची वेळ झाली. दुसरी परीक्षा: शेतात वेगवेगळ्या झाडांवरून वीस हिरवी बोंडं तोडा आणि फोडून पाहा. दोन बोंडांत अळी सापडली तर फवारा. एकाच बोंडात सापडली किंवा एकाही नाही, तर या आठवड्यात फवारू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा वीस फोडा. वाचलेली ती फवारणी पैशाची बचत आहे, तशीच मजुराच्या अंगाचीही.

आणि फवारायची वेळ आलीच तर गेल्या वेळचंच औषध, किंवा त्याच कुळातलं दुसऱ्या कंपनीचं, लगेच पुन्हा मारू नका. पहिल्या फवारणीत ज्या अळ्या वाचल्या त्या त्या औषधाला न बधणाऱ्या असतात. त्यांचीच पिल्लं पुढे वाढतात. दुकानदाराला दोन प्रश्न विचारायचे: ‘हे आधीच्याच कुळातलं आहे का?’ आणि ‘दुसरं कूळ कोणतं?’ घरी मनाने दोन औषधं कालवू नका. कालवल्याने कीड दुप्पट मरेल असं नाही, आणि विषबाधा झाली तर डॉक्टरांना नेमका उतारा ठरवता येत नाही.

पंपात किती

अंतर पाळलं पण मात्रा दीडपट गेली तर त्या अंतराला अर्थ राहत नाही. इथे एक चूक फार होते, म्हणून ती आकड्यांनी दाखवतो.

बोंडअळीसाठी इमामेक्टीन बेंझोएट पाच टक्के ही दाणेदार पावडर वापरतात. कपाशीसाठी तिचं प्रमाण हेक्टरी १९० ते २२० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यात. एकराच्या भाषेत सांगायचं तर साधारण ८० ग्रॅम पावडर, २०० लिटर पाण्यात. पंप १५ लिटरचा असेल तर दर पंपाला ६ ग्रॅम पडते आणि एकराला तेरा पंप आणि वर थोडं लागतं. इथपर्यंत सरळ आहे.

पण तुमचा पंप आणि तुमची चाल एकरात २०० लिटरच पाडते का? हे बघायला एक दोरी घ्या आणि शेतात ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद असा चौकोन आखा. हा झाला एक गुंठा, एकराचा चाळिसावा भाग. पंपात मोजून साधं पाणी भरा, औषध नको. नेहमीच्या चालीने तेवढाच चौकोन फवारा. मग पंपात किती उरलं ते मोजा. पाच लिटर संपलं असेल तर पाच गुणिले चाळीस, दोनशे लिटर. तुमची चाल बरोबर.

समजा आठ लिटर संपलं. बॅटरीच्या पंपाने आणि दाट कपाशीत असं सहज होतं. म्हणजे तुम्ही एकरात ३२० लिटर पाडता. आता दर पंपाला ६ ग्रॅमच टाकत राहिलात तर एकरात ८० ऐवजी १२८ ग्रॅम पावडर गेली. दीडपटीहून जास्त, तीही पैसे देऊन. बरोबर रीत अशी: एकराची पावडर ८० ग्रॅमच ठेवायची. ३२० लिटरला एकवीस पंप आणि वर थोडं लागतं, म्हणून दर पंपाला चार ग्रॅमपेक्षा किंचित कमी. पाणी वाढलं म्हणून औषध वाढवायचं नाही. औषध एकराला ठरलेलं असतं, पंपाला नाही. पंपाला किती हा आकडा प्रत्येकाने असा आपल्या पंपावरून काढायचा असतो.

ही मोजणी वर्षातून एकदा आणि नोझल बदललं की पुन्हा करावी. साध्या पाण्यानेच करायची असल्याने ती मुलांनाही दाखवता येते.

दुसरं आणि तिसरं अंतर: शेतात कधी शिरायचं, कधी तोडायचं

फवारताना वारा कुठून कुठे जातो ते आधी बघा. वारा ज्या टोकाकडे जातो त्या टोकापासून सुरुवात करा आणि फवारा वाऱ्याच्या दिशेच्या बाजूला सोडत, एकेक ओळ मागे सरकत, वारा येतो त्या बाजूला या. असं केलं की तुम्ही नेहमी कोरड्या ओळीतून चालता. उलट केलंत तर नुकत्याच भिजवलेल्या झाडांतून चालावं लागतं आणि तुषारही तोंडावर येतात. सकाळी दव सुकल्यावर लवकर किंवा दुपारी चारनंतर फवारा. कपाशीच्या फुलांवर सकाळी मधमाश्या असतात, त्यामुळे संध्याकाळची वेळ त्यांच्यासाठीही बरी.

फवारलेल्या शेतात किमान २४ तास कोणी शिरू नये. डब्यावरचा चौकोन बघा: त्यात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. अक्षर वाचता येत नसलं तरी हा रंग ओळखता येतो, म्हणूनच तो तिथे आहे. मोनोक्रोटोफॉसवर लाल असतो, प्रोफेनोफॉसवर पिवळा. लाल किंवा पिवळा असेल तर दोन पूर्ण दिवस जाऊ द्या, आणि कागदावर याहून जास्त लिहिलं असेल तर तेवढे. धुऱ्यावर काठीला लाल कापड बांधून ठेवा, म्हणजे शेजारच्या शेळ्या आणि गवत कापायला येणाऱ्या बाया दोघींनाही अडवता येईल. पाऊस पडून गेला तरी दिवस कमी होत नाहीत. पानं पुन्हा ओली होतात आणि औषध पुन्हा कातडीला लागतं.

तोडणीचं अंतर सर्वांत जास्त चुकतं, कारण ते औषधाचं एकच नसतं. प्रत्येक पिकाचं वेगळं असतं. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के हे द्रवरूप औषध घ्या, पुष्कळांनी वापरलेलं. त्याच्या कागदावर टोमॅटोसाठी ३ दिवस लिहिलेत, भेंडीसाठी ५, कपाशीसाठी ९, वांग्यासाठी २२ आणि तुरीसाठी २९. डबा एकच. टोमॅटोचा अनुभव लक्षात ठेवून कोणी वांगी चौथ्या दिवशी बाजारात नेली, तर खाणाऱ्याच्या पोटात नको तेवढं औषध जातं. काही औषधं पानाच्या आत शिरतात, ती वरून धुऊन निघत नाहीत. म्हणून ‘घरी गेल्यावर धुऊन घेतील’ हे उत्तर नाही.

इमामेक्टीनसाठी कपाशीला १० दिवस आहेत. ५ ऑक्टोबरला फवारलं तर ७ ऑक्टोबरपर्यंत शेतात कोणी कामाला नाही, आणि वेचणी १५ ऑक्टोबरनंतर. म्हणून जे बोंड आधीच फुटलंय तो कापूस ४ तारखेलाच वेचून घ्या. वेचणाऱ्या बाया दिवसभर त्याच झाडांत हात घालतात, उघड्या हातांनी, आणि ओटीत कापूस धरून दुपारी तिथेच जेवतात. त्यांच्यासाठी हे दहा दिवस आहेत.

आणि विदर्भातल्या कपाशीत फक्त कपाशी नसते. ओळींमध्ये तूर असते. धुऱ्याला अंबाडी, चवळी, भेंडी, वाल असं घरच्या भाजीपुरतं लावलेलं असतं. कपाशीवर मारलेलं औषध त्यावरही पडतं. कपाशीचे दहा दिवस पाळले पण दुसऱ्याच दिवशी घरच्या बाईने अंबाडीचा पाला खुडून भाजी केली, असं होतं, कारण तिला कोणी सांगितलेलंच नसतं. शिवाय कागदावरच्या तक्त्यात अंबाडीचं नावच नसेल तर तिच्यासाठी दिवसच ठरवलेले नाहीत. अशा वेळी एकच उपाय: घरची भाजी कपाशीपासून दूर, घराजवळ किंवा विहिरीजवळच्या तुकड्यात लावा, आणि फवारलेल्या शेतातली ती भाजी खाऊच नका. मोनोक्रोटोफॉस तर भाजीपाल्यावर वापरायला बंदीच आहे. भेंडीवर ‘थोडंसं’ मारणंही चालत नाही.

घरात एक भिंतीवरची दिनदर्शिका असतेच. ज्या दिवशी फवारलं त्या तारखेवर लाल खूण करा, ज्या दिवसापासून तोडायचं त्यावर हिरवी. औषधाचं नाव लिहिता येत नसेल तर रिकाम्या डब्याचं लेबल फाडून त्या पानाला टाचा. मुलगा किंवा मुलगी शाळेत जात असेल तर कागदातला शेवटचा रकाना तिच्याकडून वाचून घ्या. दिवस मोजायला एवढं पुरतं. डब्याचं मात्र लेबल काढल्यावर काय करायचं? तीनदा पाण्याने विसळून ते पाणी पंपातच ओता, डब्याला भोकं पाडा, आणि तो पाणी भरायला, तेल ठेवायला कधीही वापरू नका.

लागलं तर

‘फॉस’ कुळाच्या विषबाधेची खूण लक्षात ठेवायला सोपी आहे: अंगातून पाणी वाहतं. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब. डोळ्याची काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. दिवसाउजेडी डोळ्यांपुढे अंधारी येते ती त्यामुळेच. हातापायांचे स्नायू फडफडतात. मग छाती भरून येते. हे फवारताना होईल असं नाही. रात्री झोपल्यावर, अगदी दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतं. ऊन लागलंय, पित्त झालंय असं समजून घरी झोपून राहणाऱ्यांचे त्या हंगामात फार हाल झाले. फवारणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वरची दोन लक्षणं एकत्र दिसली तर ती फवारणीचीच धरा.

पहिलं काम, त्याचे सगळे कपडे काढा, चड्डीसकट. लाजायची वेळ नाही. काढणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा, डोकं, कान, काखा, जांघा सगळं. डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं. बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा म्हणजे उलटी श्वासात जाणार नाही. बोट घालून उलटी काढू नका. दूध, तूप, लिंबू, मिठाचं पाणी काहीही पाजू नका. १०८ला फोन करा, आणि त्याच्याबरोबर औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल रुग्णालयात न्या. हे विसरू नका, कारण ‘फॉस’ कुळावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे आणि वेळेत दिला तर माणूस वाचतो. पण काही दुसऱ्या औषधांवर उताराच नाही, तिथे डॉक्टरांना वेगळे उपचार करावे लागतात. डबा हातात असेल तर त्यांचा वेळ जात नाही. गावच्या दवाखान्यात डॉक्टरांना खात्री नसेल तर दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्याचा फुकट नंबर १८०० ११६ ११७.

जे दुसऱ्याला फवारणीला बोलावतात त्यांच्यासाठी शेवटी एक विनंती. रोज ठरवताना मजुराला विचारा, ‘याआधी कधी फवारलंस, आणि काय फवारलंस?’ तो म्हणाला की काल, परवा, तर त्याला त्या दिवशी दुसरं काम द्या आणि फवारणीसाठी दुसरा माणूस बघा. त्याची रोजी बुडणार असेल तर ती बुडू देऊ नका. हातमोजे, चष्मा आणि पुढचं प्लास्टिक तुमच्याकडून द्या, त्याने आणावं अशी वाट पाहू नका. संध्याकाळी घरी जाण्याआधी त्याला तुमच्या विहिरीवर साबणाने आंघोळ करू द्या, आणि अंगावरचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवायला सांगा.